‘दोन्ही बाजूंनी संयम राखावा’ हे वाक्य मी का वापरत नाही

राजापूर तालुक्यातील आमच्या गावाचे पूर्वी दोन व्हॉट्सअॅप ग्रुप होते, एक गावात राहणाऱ्यांचा आणि दुसरा मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाचा. 2022 च्या अखेरीस एका ग्रुपमध्ये 1024 सदस्य घेण्याची सोय झाली, तेव्हा मंडळाच्या सभेत दोन्ही ग्रुप एकत्र करण्याचे ठरले आणि व्यवस्थापक म्हणून मंडळाचे मुंबईतील एक पदाधिकारी व गावातून मी, अशी आम्हा दोघांची नावे घातली गेली. माझा व्यवसाय दस्तलेखनाचा आहे. खरेदीखते, हक्कसोडपत्रे, वारस नोंदीचे अर्ज लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेल्यामुळे ‘शब्द जपून वापरणारा माणूस’ अशी माझी ओळख होती आणि बहुधा त्यामुळेच हे काम माझ्याकडे आले. सुरुवातीचे काही महिने पालखीच्या तारखा, एस.टी.च्या बदललेल्या वेळा आणि आंब्याच्या पेट्यांचे दर यांपलीकडे काही घडले नाही.

एप्रिल 2023 मध्ये बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षणाचे काम सुरू झाले. मोठा पोलीस बंदोबस्त आला, परिसरात जमावबंदीचे आदेश निघाले, आंदोलकांची धरपकड झाली आणि सगळ्या महाराष्ट्राच्या बातम्यांत आमचा तालुका दिसू लागला. आमचे गाव प्रत्यक्ष प्रकल्पक्षेत्रात नव्हते, पण सोयरीक, जमिनी आणि मासेमारी यांना गावाची हद्द नसते. हाच प्रकल्प आधी आमच्याच तालुक्यातील नाणारला येणार होता. त्यासाठी 2017 मध्ये अधिसूचना निघाली होती आणि 2019 मध्ये ती रद्द झाली होती. त्या काळातील रुसवेफुगवे अनेक घरांत अजून शिल्लक होते. त्यामुळे एकत्र केलेल्या ग्रुपमध्ये हा विषय पेटणार, हे उघडच होते.

आमच्या ग्रुपच्या वर्णनात ‘राजकारण नको’ असा एक नियम लिहिलेला होता. तो नियम या प्रसंगी निरुपयोगी ठरला आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. प्रकल्प यावा की न यावा हा प्रश्न राजकीय आहेच, पण तो त्याच वेळी कोणाच्या कलमांच्या बागेचा, कोणाच्या होडीचा आणि कोणाच्या बेकार मुलाच्या नोकरीचाही आहे. अशा वेळी ‘राजकारण नको’ म्हणणे म्हणजे ‘तुमच्या जमिनीबद्दल इथे बोलू नका’ असे म्हणणे होय, आणि ज्याला बोलण्यावाचून गत्यंतर नाही तो माणूस तो नियम मोडतोच. मग तो नियम ज्याने पहिल्यांदा मोडला त्याच्याविरुद्ध वापरायचा की ज्याचे मत व्यवस्थापकाला पटत नाही त्याच्याविरुद्ध वापरायचा, असा प्रश्न उरतो. आम्ही तो नियम काढला आणि त्याजागी तीन ओळी घातल्या: प्रकल्पाबद्दल बाजूने किंवा विरोधात लिहिता येईल; पक्षांचे व पुढाऱ्यांचे प्रचाराचे संदेश पुढे पाठवता येणार नाहीत; आणि ग्रुपमधील कोणाही व्यक्तीने पैसे घेतले किंवा गाव विकले असा हेतूचा आरोप करता येणार नाही. तिसऱ्या ओळीवर पुढचे सगळे घडले.

एका संध्याकाळी मुंबईतील एका तरुण सदस्याने एका सातबाऱ्याचा फोटो टाकला. त्यावर खातेदारांच्या यादीतील काही नावांभोवती लाल वर्तुळ होते आणि खाली लिहिले होते: ‘ही बघा दलालांची यादी. गाव विकणारे बाहेरून आलेले नाहीत, आपल्यातच बसलेले आहेत.’ ज्यांच्या नावाभोवती वर्तुळ होते त्यांतील एक गृहस्थ ग्रुपमध्येच होते. नात्याने ते त्या तरुणाचे चुलत काका लागत. त्यांनी ध्वनिसंदेश पाठवला, त्याचा आशय असा की, तू मुंबईत बसून आम्हाला शिकवू नको, संस्थांच्या पैशावर नाचणारे तुम्ही लोक, आठवड्याभरासाठी येता आणि गावात आग लावून जाता. त्यानंतर जे होते तेच झाले. एकाने काकांची बाजू घेतली, दुसऱ्याने फोटोखाली पसंतीचा अंगठा टाकला, तिसऱ्याने 2017 सालचा कुठलासा बारशाच्या जेवणातील अपमान काढला. या गदारोळात कोळीवाडीतील एका ताईंनी विचारले होते की, टाक्यांतून तेल उतरवणारी जहाजे आली तर खाडीच्या तोंडाशी जाळी टाकता येतील का, आणि याबद्दल लेखी काही कोणाकडे आहे का. त्या प्रश्नाला एकही उत्तर आले नाही. तो वर वर सरकत दिसेनासा झाला.

माझ्या सहव्यवस्थापकांनी लगेच संदेश टाकला: ‘सर्व सदस्यांना नम्र विनंती की, दोन्ही बाजूंनी संयम राखावा. ग्रुपवर राजकारण आणू नये. अन्यथा कायदेशीर कारवाई करण्यात येईल.’ हेतू निर्विवादपणे चांगला होता, परंतु त्या संदेशाने आग वाढली आणि ती कशी वाढली ते मला उत्तरांतूनच दिसले. काकांच्या पुतण्यांपैकी एकाने लिहिले, ‘म्हणजे दलाल म्हणणारा आणि ते ऐकून घेणारा, दोघे सारखेच का?’ आणि फोटो टाकणाऱ्याच्या मित्राने लिहिले, ‘खरे बोलणाऱ्याला कारवाईची धमकी?’ ज्याच्यावर आरोप झाला त्याला वाटते की आपल्याला आरोपकर्त्याच्या पंगतीला बसवले आणि ज्याने आरोप केला त्याला वाटते की हे दुसऱ्याला उद्देशून आहे. म्हणजे ज्या दोघांसाठी संदेश लिहिला त्या दोघांपर्यंतही तो पोहोचत नाही, आणि उरलेल्या सहाशेजणांना मात्र नक्की काय चुकले ते कळत नाही.

कारवाईच्या वाक्यामागे भीती होती, हेही सांगायला हवे. सहव्यवस्थापकांचा समज असा होता की सदस्याने काही आक्षेपार्ह लिहिले तर गुन्हा व्यवस्थापकावर दाखल होतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात स्पष्ट केले आहे की, दुसऱ्या सदस्याने पाठवलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ व्यवस्थापक म्हणून कोणाला फौजदारी जबाबदार धरता येत नाही. त्यासाठी समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट दिसावा लागतो. हा निकाल मी त्यांना फोनवर सांगितला, कारण भीतीपोटी लिहिलेला व्यवस्थापकीय संदेश पोलीस नोटिशीसारखा वाचला जातो आणि त्या दिवसांत आमच्या तालुक्यात खऱ्या नोटिसा पुरेशा होत्या.

पुढे काय करायचे याचा क्रम आम्ही फोनवरच ठरवला. आधी ग्रुप बंद करायचा, म्हणजे फक्त व्यवस्थापकांनाच संदेश पाठवता येतील अशी मांडणी करायची; मग जे संदेश काढायचे ते काढायचे; आणि मग खुलासा टाकायचा. हा क्रम उलटा केला तर काय होते ते मी दुसऱ्या एका ग्रुपवर पाहिले आहे. ग्रुप खुला असताना संदेश काढला की ‘अमक्याने हा संदेश काढला’ अशी ओळ व्यवस्थापकाच्या नावासकट सर्वांना दिसते, ‘का काढला’ हा प्रश्न क्षणात येतो आणि खुलासा लिहून होईपर्यंत भांडणाचा विषय व्यवस्थापक होऊन बसतो. दुसरी बाब अशी की ग्रुप बंद करताना जो संदेश सर्वांत खाली राहतो तो रात्रभर निकालासारखा पडद्यावर दिसतो. आम्ही बंद केले तेव्हा सर्वांत खाली फोटोचे समर्थन करणारी ओळ होती. तेवढ्यावर थांबलो असतो तर काकांच्या घरात व्यवस्थापक कोणत्या बाजूचे याबद्दल शंका उरली नसती.

काढण्याच्या कामात एक तांत्रिक अडचण असते, तिच्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. मूळ संदेश काढला तरी ज्यांनी त्याला उद्धृत करून उत्तर दिलेले असते त्यांच्या उत्तरात तो मजकूर तसाच राहतो. त्यामुळे फोटो व ध्वनिसंदेश यांच्याबरोबरच ‘दलाल’ हा शब्द उद्धृत करणारी उत्तरेही शोधून काढावी लागली. त्यांतील काही उत्तरे स्वतः सौम्य होती, काहींमध्ये तर त्या शब्दाचा निषेधच होता. अशा लोकांना मी वैयक्तिक संदेश पाठवला: ‘आपले म्हणणे योग्य होते, परंतु त्यात मूळ आरोप उद्धृत झाल्यामुळे काढावे लागले. उद्या ग्रुप खुला झाल्यावर तेच आपल्या शब्दांत पुन्हा लिहावे.’ हे वेळखाऊ काम आहे. पण ज्याने भांडण शमवायला मदत केली त्याचाच संदेश विनाखुलासा नाहीसा झाला, तर पुढच्या वेळी तो मदतीला येत नाही.

मग मुख्य संदेश लिहिला. तो येथे जसाच्या तसा देतो, कारण त्यातील प्रत्येक वाक्यामागे काही विचार आहे.

‘व्यवस्थापक म्हणून लिहीत आहे. आज संध्याकाळी टाकलेला सातबाऱ्याचा फोटो मी काढला आहे. त्यात ज्यांचा या चर्चेशी संबंध नाही अशा खातेदारांचीही नावे होती आणि काही सदस्यांवर गाव विकल्याचा आरोप होता. संस्थेचे पैसे घेतल्याचा आरोप असलेला एक ध्वनिसंदेशही काढला आहे. हे आरोप उद्धृत करणारी काही उत्तरे काढावी लागली, ती लिहिणाऱ्यांचा दोष नाही. जमिनींचे व्यवहार कसे झाले हा प्रश्न, आणि मुंबईकरांनी या विषयात किती बोलावे हा प्रश्न, दोन्ही येथे विचारता येतील. ग्रुप उद्या सकाळी आठ वाजता खुला होईल. आज रात्री कोणाच्या घरातील व्यक्ती ताब्यात घेतली गेली असल्यास किंवा दवाखान्याची गरज असल्यास मला थेट फोन करावा, ती माहिती मी लगेच येथे टाकीन.’

‘मी काढला आहे’ असे लिहिले, ‘काढण्यात आला आहे’ असे नाही. ज्याला राग यायचा तो कोणावर यायचा हे ठरलेले असले की तो राग इतरत्र भटकत नाही. फोटो आणि ध्वनिसंदेश यांची कारणे वेगवेगळी दिली, कारण ती वेगवेगळीच होती. फोटोमध्ये गावातल्या एका वृद्ध विधवेचेही नाव होते, तिला हा ग्रुप काय आहे हेही ठाऊक नव्हते. कोणाचेही नाव घेतले नाही, कारण सर्वांना नावे माहीत होतीच आणि व्यवस्थापकाच्या लेखणीतून ते नाव उमटले की ते फिर्यादीत लिहिल्यासारखे दिसते. काय काढले हे सांगून तेथेच थांबलो नाही, तर त्या रागामागचे जे दोन प्रश्न होते ते कोणत्या शब्दांत विचारता येतील हेही सांगितले. माझ्या मते संदेशातील सर्वांत उपयोगी वाक्य तेच, कारण त्यामुळे ‘आमचे तोंड बंद केले’ ही तक्रार करायला फारशी जागा राहत नाही. उघडण्याची वेळ लिहिणे तर अत्यावश्यकच आहे. अनिश्चित काळासाठी बंद केलेला ग्रुप म्हणजे ज्याचा शब्द शेवटचा राहिला त्याचा विजय, असेच सगळे समजतात. शेवटची ओळ त्या दिवसांच्या परिस्थितीमुळे आली. लोक खरोखर काळजीत होते आणि बातमी कळण्याचा तोच एक मार्ग अनेकांकडे होता.

त्यानंतर दोघांशी वेगवेगळे बोललो. काकांना फोन केला, संदेश पाठवला नाही, कारण ते वाचण्यापेक्षा बोलण्यातले गृहस्थ आहेत आणि वयाने मोठ्या माणसाला अशा प्रसंगी लेखी काही पाठवणे हे आमच्याकडे समन्स धाडल्यासारखे समजले जाते. ‘काका, तुमचा ध्वनिसंदेश मी काढला. फोटोही काढला. तुम्हाला सकाळी काय सांगायचे आहे ते आधी मला सांगा’ एवढेच म्हणालो आणि मग बराच वेळ फक्त ऐकले. क्षमा मागा असे त्यांना म्हटले नाही, फोटो टाकणाऱ्या तरुणालाही म्हटले नाही. जाहीर क्षमेची मागणी हे भांडणाला आणखी एक फेरी देण्याचे काम आहे, कारण मग ती क्षमा पुरेशी होती की नाही यावर पुन्हा दोन तट पडतात.

तरुणाला मात्र लिहिले, कारण त्याला लेखी पुरावा हवा असे आणि त्याचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. प्रकल्पाची चर्चा सुरू झाल्यापासून बाहेरच्यांनी जमिनी घेतल्याच्या तक्रारी तालुक्यात होत्या आणि मध्यस्थी करणारे काही स्थानिकही होते. मी लिहिले: ‘तू फोटो टाकलास त्यामागे जमिनी कोणाकडे गेल्या हे गावाला कळावे असा हेतू आहे असे मी समजतो. तो प्रश्न मी अडवणार नाही. पण तू वर्तुळ केलेली नावे कंसात आहेत. कंसातील नावाचा अर्थ तू काय घेतलास?’ त्याचे उत्तर आले की, कंसात नाव म्हणजे त्याने आपला हिस्सा विकला.

येथे माझा व्यवसाय कामी आला. सातबाऱ्यावर नाव कंसात गेले म्हणजे त्या व्यक्तीचा त्या जमिनीतील हक्क संपला एवढेच त्यावरून दिसते. तो विक्रीने संपला की मृत्यूनंतर वारसांची नावे लागल्यामुळे, वाटपामुळे किंवा बहिणीने भावांच्या लाभात हक्कसोडपत्र करून दिल्यामुळे, हे सातबाऱ्यावरील त्या नावावरून कळत नाही. त्यासाठी शेजारी दिलेला फेरफार क्रमांक पाहावा लागतो आणि गाव नमुना सहामधून त्या क्रमांकाची नोंद काढावी लागते. कोकणातील सामायिक खात्यांवर तर एकेका गटात दहा-वीस हिस्सेदारांची नावे असतात, त्यांतील निम्मे मुंबईत आणि काही केव्हाच देवाघरी गेलेले. अशा उताऱ्यावर कंस दिसणे ही रोजची गोष्ट आहे. मी त्याला एवढेच सांगितले आणि फेरफार स्वतः काढून पाहण्यास सुचवले. काकांच्या नावाचा फेरफार कशाचा आहे याची मला कल्पना होती, परंतु ते मी त्याला सांगितले नाही आणि ग्रुपवरही सांगितले नाही. व्यवस्थापकाने एका बाजूचा खुलासा स्वतः केला की तो त्या बाजूचा वकील होतो, आणि पुढचा खुलासा खरा असला तरी वकिलाचा म्हणून ऐकला जातो.

सकाळी आठला ग्रुप खुला करताना पहिला संदेश माझाच होता आणि त्यात कोळीवाडीतील ताईंचा प्रश्न मी त्यांच्या परवानगीने त्यांच्याच शब्दांत पुन्हा टाकला: ‘काल या प्रश्नाला उत्तर मिळाले नव्हते. जहाजांच्या मार्गाबद्दल व मासेमारीबद्दल ज्यांच्याकडे लेखी काही आहे त्यांनी ते टाकावे. ज्यांच्याकडे ऐकीव माहिती आहे त्यांनी कोणाकडून ऐकले तेही लिहावे.’ खुल्या झालेल्या ग्रुपला लगेच काहीतरी काम लागते. ते दिले नाही तर लोक कालचेच काम पुढे चालू करतात. त्याखाली सातबारा व फेरफार कसे वाचावेत याची सर्वसाधारण माहिती मी दुसऱ्या संदेशात दिली, कोणत्याही गटाचा किंवा खात्याचा उल्लेख न करता. दुपारी काकांनी स्वतःच लिहिले की, त्यांचे नाव कंसात आहे ते त्यांनी धाकट्या भावाच्या नावे हिस्सा सोडून दिला म्हणून. त्यावर तरुणाचे उत्तर होते, ‘फेरफार पाहिला. काकांबद्दल लिहिलेले मागे घेतो. बाकीच्या नावांचे काय?’ मला हे उत्तर आवडले. त्याने प्रश्न सोडला नव्हता, फक्त माणूस सोडला होता.

माझ्यावरही आरोप झाला, तो व्हायचाच होता. ‘दस्त लिहून पैसे कमावणारा माणूस जमिनीच्या चर्चेत व्यवस्थापक कसा?’ असे एकाने विचारले. अशा आरोपाला एकदाच आणि पूर्ण उत्तर द्यावे, दुसऱ्यांदा देऊ नये, हे मी ठरवून ठेवले होते. लिहिले: ‘प्रश्न रास्त आहे. मी दस्त लिहितो, या परिसरातलेही काही लिहिले आहेत. प्रकल्पाबद्दल माझे मत आहे आणि ते मी माझ्या नावाने लिहीन. ज्या संदेशाच्या सुरुवातीला “व्यवस्थापक म्हणून” असे असेल तेवढाच व्यवस्थापकाचा समजावा. माझ्या एखाद्या निर्णयावर हरकत असल्यास ती मंडळाच्या अध्यक्षांकडे पाठवावी, त्यांचा निर्णय मला मान्य राहील.’ त्यानंतर त्याच माणसाने आणखी दोनदा डिवचले, मी उत्तर दिले नाही. तिसऱ्यांदा त्याला गावातल्याच कोणीतरी ‘उत्तर मिळाले आहे’ असे सांगितले.

पोलिसांच्या कारवाईबद्दलच्या संदेशांचे प्रकरण अधिक अवघड होते. एकाने लिहावे की महिलांना मारहाण झाली, दुसऱ्याने लिहावे की काहीच झाले नाही, सगळे माध्यमांनी फुगवले, आणि दोघेही घरात बसलेले असावेत. कोणाचे खरे हे व्यवस्थापक ठरवू शकत नाही आणि दोन्ही काढून टाकले तर जे सड्यावर होते त्यांनाच गप्प केल्यासारखे होते. म्हणून आम्ही वाक्यरचनेची अट घातली: जे स्वतः पाहिले ते ‘मी पाहिले’ असे लिहून वेळ आणि ठिकाण द्यावे, जे ऐकले ते ‘अमक्याकडून ऐकले’ असे लिहावे, आणि चित्रफीत असल्यास ती कोणी, केव्हा घेतली ते सांगावे. ही अट मोडणाऱ्याचा संदेश लगेच काढत नसू, ‘हे आपण पाहिले की ऐकले?’ एवढेच त्याखाली विचारत असू. पुष्कळ वेळा त्या एका प्रश्नावरच माणूस आपणहून संदेश मागे घेई. त्या वेळी पाठवलेला संदेश दुरुस्त करण्याची सोय नव्हती. ती मे 2023 मध्ये आली आणि तीही पहिल्या 15 मिनिटांपुरती. त्यामुळे काढून पुन्हा लिहा असेच सांगावे लागे. आज दुरुस्तीची सोय असल्यामुळे ‘एवढा शब्द बदलाल का?’ असे म्हणता येते आणि लोक ते सहज मानतात, मात्र ते विचारायला व्यवस्थापकाने पाव तासाच्या आत फोन पाहिलेला असावा लागतो.

या सगळ्याला मर्यादा होत्या. सातबाऱ्याचा तो फोटो आमच्या ग्रुपमधून गेला तरी दुसऱ्या दोन ग्रुपांत तो फिरत राहिला आणि तेथे ‘गावाच्या व्यवस्थापकाने दाबलेला पुरावा’ अशी नवी ओळ त्याला चिकटली. काढलेल्या गोष्टीला जी किंमत चढते तिच्यावर काही उपाय मला सापडलेला नाही. फक्त कारण आधीच जाहीर लिहिलेले असले तर विचारणाऱ्याला तो संदेश पुढे पाठवता येतो. एक कुटुंब ग्रुप सोडून गेले. त्यांचा आक्षेप असा होता की हेतूचा आरोप करायचा नाही हा नियम ज्यांनी खरोखर दलाली केली त्यांनाच संरक्षण देतो. हा आक्षेप खोडून काढणे मला जमले नाही आणि तो पूर्ण चुकीचा आहे असे मला वाटतही नाही. प्रचाराचे पुढे पाठवलेले संदेश तर कधीच पूर्ण थांबले नाहीत. ते काढून टाकत असू आणि पाठवणाऱ्याला प्रत्येक वेळी तीच एक ठरलेली ओळ पाठवत असू, म्हणजे कोणाला कमी आणि कोणाला जास्त सुनावले असे होऊ नये.

2024 च्या लोकसभा निवडणुकीत आमच्याकडे 7 मे रोजी मतदान झाले. त्याआधी आम्ही मुख्य संदेशाची एक छोटी आवृत्ती तयार करून ठेवली: काय काढले, का काढले, तोच मुद्दा कसा लिहिता येईल आणि ग्रुप केव्हा उघडेल, एवढीच चार वाक्ये, रिकाम्या जागा सोडून. भांडण पेटलेले असताना वाक्ये शोधायला वेळ नसतो आणि घाईत ‘दोन्ही बाजूंनी’ हे शब्द बोटांवर आपोआप येतात. मतदान संपण्यापूर्वीच्या 48 तासांत प्रचार बंद असतो, म्हणून तेवढ्या काळासाठी ग्रुप फक्त व्यवस्थापकांपुरता ठेवला, पण त्याचे कारण व उघडण्याची तारीख आठवडाभर आधी लिहिली होती आणि त्यावर कोणी हरकत घेतली नाही.

तो तरुण आजही ग्रुपमध्ये आहे आणि नियमाच्या तिसऱ्या ओळीवर माझ्याशी वाद घालतो. परवा गणपतीला आला असताना त्याने मला विचारले की, एखाद्याने मध्यस्थी करून पैसे मिळवल्याचे सगळ्या तालुक्याला माहीत असेल तर त्याला दलाल म्हणायला काय हरकत आहे. मी म्हणालो, फेरफाराचा क्रमांक लिही, दस्ताची तारीख लिही, घेणार आणि देणार यांची दस्तातील नावे लिही, मोबदल्याची रक्कम लिही. एवढे लिहिलेस तर तो संदेश मी काढणार नाही. त्यावर तो म्हणाला की मध्यस्थाचे नाव दस्तात कधीच नसते. ते खरे आहे. त्यासाठी नियमात काय शब्द घालावेत यावर आमचे एकमत अजून झालेले नाही.